वास आला, टाकी बंद: गॅस सुरक्षेची घोषवाक्यं घरच्या भाषेत कशी रचायची

आमच्या बचत गटात संक्रांतीच्या हळदीकुंकवाला वाण म्हणून स्वयंपाकघरात चिकटवायची छोटी पाटी द्यायची ठरली. तिच्यावर गॅसच्या सुरक्षेचं घोषवाक्य असेल, एवढं नक्की झालं, आणि पंधरा जणींनी पंधरा घोषवाक्यं लिहून आणली. त्यातलं सगळ्यांना आवडलेलं असं होतं:

गॅस सुटला, वास आला,
बटण बंद, धोका टळला.

यमक चांगलं, चाल छान, एकदा ऐकलं की पाठ. पाटी छापायला द्यायच्या आधी मी एका काकूंना म्हटलं, "समजा, आत्ता वास आलाय. घोषवाक्यात सांगितलंय तसं करून दाखवा." काकू उठल्या आणि भिंतीपाशी जाऊन ट्यूबलाइटचं बटण बंद केलं.

त्यांची काही चूक नव्हती. वाक्यात 'बटण बंद' असंच लिहिलं होतं. पण खोलीत गॅस खरोखर साचलेला असता, तर बटण बंद करतानाही आत जी बारीक ठिणगी उडते, तेवढी भडका उडायला पुरली असती. चालू करताना उडते तशीच ती बंद करतानाही उडते. म्हणजे घोषवाक्य पाठ असल्यामुळेच धोका झाला असता. त्या दिवसापासून मी घोषवाक्य यमकापासून रचायला सुरुवात करत नाही. ज्यांना आपल्या गटासाठी, सोसायटीसाठी किंवा नुसतं आपल्या घरासाठी अशी वाक्यं रचायची आहेत, त्यांच्यासाठी आमची पद्धत इथे सांगते.

आधी एकच प्रसंग निवडा

'सावध राहा, सुरक्षित राहा' अशा वाक्याने हात हलत नाही, कारण ते कुठल्याच क्षणाचं नसतं. घोषवाक्य एका ठरावीक क्षणी आठवायला हवं. गॅसच्या बाबतीत असे क्षण मोजके आहेत: शेगडी पेटवताना, दूध उतू गेल्यावर, रात्री ओटा आवरताना, नवी टाकी लावताना आणि वास आल्यावर. प्रत्येक क्षणाला एक वाक्य, एका वाक्यात एकच क्षण.

पहिल्यांदा रचत असाल तर वास आल्याचा क्षण घ्या. बाकीच्या वेळी विचार करायला सवड असते. वास आला की माणूस गोंधळतो, आणि गोंधळात जे पाठ असतं तेच हातून घडतं.

यमक जुळवण्याआधी साध्या वाक्यांत क्रम लिहा

कागद घ्या आणि वास आल्यावर खरोखर काय करायचं ते गद्यात, क्रमाने लिहा. क्रमामागचं कारण समजलं नाही तर यमकासाठी तुम्ही तो सहज उलटापालटा कराल, म्हणून थोडं कारणांविषयी.

स्वयंपाकाच्या गॅसला मुळात वास नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मिसळलेला असतो. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, त्यामुळे वर न जाता फरशीवर पसरतो, ओट्याखाली साचतो, उंबऱ्यापर्यंत सरकतो. हवेच्या शंभर भागांत साधारण दोन भाग गॅस मिसळला तरी तो पेट घेऊ शकतो. या माहितीतून क्रम आपोआप ठरतो.

सगळ्यात आधी गॅस येतो तिथेच थांबवायचा, म्हणजे टाकीवरचा रेग्युलेटर 'ऑफ'च्या खुणेवर न्यायचा. मग घरात जळत असलेलं सगळं शांत करायचं. त्यानंतर दार आणि खिडकी उघडायची. दार आधी, कारण गॅस खाली असतो आणि दार जमिनीपर्यंत असतं. उंचावरच्या खिडकीतून तो सहजासहजी निघत नाही. एक्झॉस्ट फॅन लावायचा नाही, कारण त्याचं बटण म्हणजे पुन्हा ठिणगी. या सगळ्या वेळात विजेच्या कुठल्याही बटणाला, प्लगला, घरातल्या मोबाइललाही हात लावायचा नाही. मग सगळ्यांना घेऊन बाहेर पडायचं आणि बाहेर आल्यावर फोन करायचा. गॅस गळतीसाठी देशभर चोवीस तास चालणारा क्रमांक १९०६ आहे.

एवढं सगळं एका वाक्यात मावणार नाही. आम्ही त्याचे दोन भाग केले: एक घरात असतानाचा, दुसरा बाहेर आल्यावरचा.

हा क्रम वास आल्यावरचा आहे, आग लागल्यावरचा नाही, हेही कागदावर लिहून ठेवा. नळीला किंवा रेग्युलेटरलाच जाळ लागला असेल आणि तिथे हात पोचत नसेल, किंवा दारातूनच गॅसचा जोराचा फुसफुस आवाज येत असेल, तर आत जायचंच नाही. माणसं बाहेर काढायची आणि अग्निशमन दलाला १०१ वर फोन करायचा. तिथे घोषवाक्याचं काम नाही.

आपल्या घरातले शब्द तपासा

आमचा सगळ्यात जास्त वेळ इथे गेला आणि तो सत्कारणी लागला असं मला वाटतं.

आपल्या बोलण्यात 'गॅस' या एका शब्दाचे तीन अर्थ आहेत. "गॅसवर दूध ठेवलंय" म्हणजे शेगडी. "गॅस संपला" म्हणजे टाकी. "गॅस सुटला" म्हणजे वायू. म्हणून आमच्या दुसऱ्या मसुद्यात 'गॅस बंद करा' असं लिहिलं, तेव्हा करून दाखवायला सांगितलेल्या बाईंनी शेगडीचा कॉक फिरवला. तो आधीच बंद होता. गळती नळीत असेल तर शेगडीचा कॉक बंद करून काहीच उपयोग नाही, कारण नळी टाकी आणि शेगडीच्या मध्ये असते.

मग आम्ही 'रेग्युलेटर' शब्द घेतला. एक आजी म्हणाल्या, "पंख्याचा?" पंख्याचाही रेग्युलेटरच असतो, आणि तो भिंतीवर बटणांच्या शेजारी. तो शब्दही गेला.

'कळ' हा शब्द मला स्वतःला फार आवडायचा, छोटा आणि मराठी. पण आमच्यातल्या दोघी वयस्कर बायका विजेच्या बटणालाही कळच म्हणत होत्या. शेवटी शेगडीसाठी 'कॉक' आणि सिलिंडरसाठी 'टाकी' हे शब्द ठरले. "गॅसचा कॉक बंद केलास का?" हे वाक्य आमच्याकडे रोज ऐकू येतं, आणि विजेच्या वस्तूला कोणी कॉक म्हणत नाही. तुमच्याकडे टाकी म्हटलं की पाण्याचीच आठवत असेल तर 'सिलिंडर' घ्या. शब्द सुंदर आहे की नाही ते बघू नका. त्या शब्दाबरोबर हात एकाच जागी जातो का, ते बघा.

अजून एक शब्द आम्हाला अडला. बऱ्याच घरांत देवघर स्वयंपाकघरातच असतं, आणि संध्याकाळी तिथे निरांजन, समई, उदबत्ती जळत असते. वास आल्यावर हे सगळं आधी थांबवायला हवं. 'दिवा विझवा' असं लिहिल्यावर दोघीतिघींनी नापसंती दाखवली. देवापुढचा दिवा विझवणं हा शब्द तोंडावर आणायला त्यांना नको होतं. मी त्यांच्याशी वाद घातला नाही. ज्या शब्दापाशी मन अडखळतं, तिथे हातही अडखळणार, आणि या प्रसंगात तेवढा वेळ नसतो. 'दिवा शांत करणे' हा आपला घरातलाच प्रयोग आहे, तोच घेतला. उदबत्तीचं टोक पाण्यात बुडवलं की ती लगेच शांत होते, नुसती झटकून होत नाही, हे मात्र तोंडी सांगावं लागलं.

आता रचा

पाठांतरासाठी आपल्याकडे तयार साचा आहे. उखाणा आणि ओवी बायकांच्या तोंडी बसलेल्या आहेत, आणि आठ अक्षरांचा चरण आपल्याला न मोजताही जमतो. एका चरणात आठच्या आसपास अक्षरं, एक काम, एवढाच नियम ठेवा. आमचं वाक्य बनत बनत असं झालं:

वास आला, टाकी बंद,
देवघरी दिवा शांत;
दार-खिडकी सताड,
बटणाला नको हात.

क्रियापदं जवळजवळ नाहीत, हे मुद्दाम केलं. 'करावे', 'ठेवावी' अशी रूपं आली की वाक्य लांबतं आणि सूचनाफलकासारखं होतं. यमक फक्त दुसऱ्या आणि चौथ्या चरणात आहे, आणि 'शांत'–'हात' हे पूर्ण यमकही नाही. एकीने सुचवलं, "पहिल्या आणि तिसऱ्या चरणातही जुळवू या." प्रयत्न केला, तर प्रत्येक वेळी दार-खिडकी टाकीच्या आधी यायला लागली. तेव्हा यमक सोडलं आणि क्रम राखला. ज्या शब्दावर चरण संपतो तो शब्द जास्त लक्षात राहतो, म्हणून सगळ्यात धोक्याची गोष्ट, बटणाला हात लावणं, शेवटी ठेवली.

'नको' असलेली वाक्यं लक्षात ठेवायला अवघड जातात. 'हे करू नको, ते करू नको' अशा यादीतून माणसाला काय करायचं ते कळतच नाही. म्हणून चार चरणांत 'नको' एकदाच आलंय, आणि तेही तीन करायची कामं सांगून झाल्यावर.

बाहेर आल्यावरचं वाक्य वेगळं:

उंबऱ्याबाहेर उभे राहा,
फोन लावा एकोणीस-शून्य-सहा.

क्रमांक यमकात बसवला की विसरत नाही, हे आम्हाला या वाक्याने दाखवलं. 'एकोणीसशे सहा' असंही म्हणता आलं असतं, पण घाबरलेला माणूस आकडे एकेक करून दाबतो, म्हणून शून्य सुटं उच्चारलेलं बरं. उंबरा मुद्दाम आणलाय. फोन घरात लावायचा नाही हे त्यातून न सांगता येतं. शेजाऱ्यांना हाक मारायची किंवा दार वाजवायचं. आणि शेजाऱ्यांनाही सांगून ठेवायचं की आमच्याकडे गॅसचा वास येत असेल तर दारावरची बेल दाबू नका. तीही विजेचीच असते.

रोजच्या क्षणांची वाक्यं रोजच्या कामाला बांधा

वास आल्याचं वाक्य क्वचित लागतं, म्हणून ते घोकावं लागतं. रोजची वाक्यं घोकायची गरज नाही. ती आपण आधीपासून करत असलेल्या एखाद्या कामाला बांधली की ते काम स्वतःच आठवण करून देतं. 'रात्री झोपण्यापूर्वी रेग्युलेटर बंद करा' हे सगळ्यांना माहीत असतं आणि बहुतेकजणी विसरतात, कारण झोप लागेपर्यंत स्वयंपाकघर मागे पडलेलं असतं. आम्ही विचारलं, रात्रीचं ओट्यापाशी शेवटचं काम कोणतं? ओटा पुसणं.

ओटा पुसून झाला की
बंद करायची टाकी.

सगळ्या वाक्यांत सर्वात लवकर पाठ झालेलं हेच. घरातल्या लहान मुलीसुद्धा आईला ऐकवायला लागल्या.

शेगडी काडीने पेटवायची तर जळती काडी आधी बर्नरपाशी न्यायची, मग कॉक उघडायचा. आधी कॉक उघडून मग काडीपेटी शोधली तर तेवढ्या वेळात बर्नरभोवती गॅस साचतो आणि भपकन पेटतो. लायटर वापरत असाल तर तो आधी बर्नरपाशी धरायचा, कॉक फिरवला की लगेच दाबायचा. यासाठी म्हणीसारखं छोटं वाक्य पुरतं: आधी काडी, मग कॉक.

यानंतर आमची एक चूक झाली, ती सांगते. दूध उतू जाऊन ज्योत विझली तर गॅस तसाच येत राहतो. बाई मात्र पहिल्यांदा फडकं घेऊन दूध पुसायला धावते. त्यावर आम्ही लिहिलं: आधी कॉक, मग फडकं. दोन्ही वाक्यं वेगवेगळी चांगली होती. पण आठवड्याने विचारलं तर सरमिसळ. एकजण म्हणाली, "आधी कॉक, मग काडी." नेमकं उलटं! एकाच ठेक्याची, 'आधी–मग'ची दोन वाक्यं एका घरात ठेवायची नाहीत, हे तेव्हा कळलं. दुधाचं वाक्य आम्ही पूर्ण बदललं:

दूध उतू, हात कॉकवर;
फडकं मग ओट्यावर.

आणि कॉक बंद केल्यावर लगेच काडी ओढायची नाही. थोडा वेळ जाऊ द्यायचा, वास गेला की मग पुन्हा पेटवायचं.

काही गोष्टी महिन्यांच्या नाहीत, वर्षांच्या असतात. त्या रोजच्या कामाला बांधता येत नाहीत. गॅसची नारिंगी सुरक्षा नळी पाच वर्षांनी बदलावी लागते, आणि पाच वर्षं कोणी मोजत नाही. आमच्यातल्या एका शिक्षिकेने विधानसभेच्या निवडणुकीची युक्ती काढली, तीही पाच वर्षांनी येते:

मतदानाची शाई बोटाला,
नवी नळी ओट्याला.

मला हे वाक्य फार आवडतं, तरी त्याची मर्यादा सांगायला हवी. मधल्या काळात नळीला चीर गेली, ती कडक झाली, उंदराने कुरतडली, तर निवडणुकीची वाट बघायची नाही. आणि वाक्याला तुमच्या नळीचं वय माहीत नसतं. नळी बसवली तो महिना आणि वर्ष कागदाच्या पट्टीवर लिहून ओट्याखालच्या दाराला आतून चिकटवा. नळीतून वास येतोय अशी शंका आली तर साबणाचा फेस लावून बुडबुडे येतात का ते बघायचं. काडी पेटवून कधीही बघायचं नाही.

नवी टाकी लावताना तिच्या तोंडावरची प्लास्टिकची टोपी काढतात. ती दोरीने टाकीलाच बांधलेली असते. बऱ्याच घरांत ती तोडून फेकतात किंवा मुलांच्या खेळण्यात जाते. रेग्युलेटर बंद करूनही टाकीच्या तोंडातून गॅस येत राहिला तर रेग्युलेटर काढून हीच टोपी घट्ट बसवावी लागते. तेव्हा ती हाताशी हवी.

टाकीची टोपी टाकीला,
नको खेळायला नातीला.

आठ दिवसांनी परीक्षा घ्या

पाटी छापण्याआधी वाक्य वाचून दाखवा आणि आठ दिवस त्याचा विषय काढू नका. मग एकेकीच्या स्वयंपाकघरात जा आणि मध्येच म्हणा, "वास आला!" तोंडाकडे बघू नका, हाताकडे बघा. हात कुठे जातो, कुठे थबकतो, कुठे भिंतीकडे वळतो, त्यावरून वाक्यातला कुठला शब्द चुकला ते कळतं. शब्द बदला आणि पुन्हा आठ दिवस थांबा. आमच्या वाक्याला अशा तीन फेऱ्या लागल्या.

पाटी शेगडीच्या वर लावू नका, तेलकट होऊन वाचता येत नाही. ओट्यासमोर उभं राहिल्यावर डोळ्यांच्या रेषेत, पण जाळापासून लांब लावा. अक्षरं मोठी ठेवा, आणि बाहेरचं वाक्य, ते १९०६ वालं, स्वयंपाकघरात न लावता घराच्या दाराला बाहेरून लावा.

तिसऱ्या फेरीत दोन गोष्टी निघाल्या ज्या शब्द बदलून सुटणार नव्हत्या. एका घरात बाईंनी चारही चरण खणखणीत म्हटले, पण टाकीपर्यंत हात पोचेना, कारण ओट्याखाली टाकीच्या पुढे पिठाचा डबा आणि कांद्याचं पोतं होतं. आम्ही दोघींनी मिळून ते तिथल्या तिथे हलवलं, आणि पुन्हा म्हणायला लावलं.

दुसऱ्या घरात आजींनी शांतपणे सांगितलं, "मला वासच येत नाही गं, कित्येक वर्षं झाली." आमचं सगळ्यात मेहनतीने रचलेलं वाक्य 'वास आला'नेच सुरू होत होतं. दुपारी त्या घरात एकट्या असतात. त्यांच्यासाठी रात्रीचं वाक्य आम्ही दुपारचंही केलं: दोन वेळा ओटा पुसला जातो, दोन्ही वेळा टाकी बंद. त्यांच्या पाटीवर तेवढंच एक वाक्य आहे, मोठ्या अक्षरात, आणि सून कामावर निघताना ते मोठ्याने म्हणून बाहेर पडते.